व्यसन नाही म्हणतात, मग गोळी बंद केली की डोकं का गरगरतं?

सोयाबीन_आणि_मी (औसा तालुका) | १९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

राम राम मंडळी. विषय जरा खासगी आहे, पण इथं मला नावानं कोणी ओळखत नाही म्हणून लिहायचा धीर केला.

चौदा महिन्यांपासून मला पॅरॉक्सेटिन चालू आहे. २५ मिलिग्रॅमची, पोटात हळूहळू विरघळते ती गोळी. गेल्या साली बँकेच्या पायऱ्या चढताना छाती अशी धडधडायची की दोनदा ईसीजी काढून आलो. दोन्ही वेळा नीट. शेवटी लातूरच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी पॅनिक म्हणून सांगितलं, ही गोळी दिली आणि दीड-दोन महिन्यांत फरक पडला. यंदा मी एकटा बँकेत जाऊन पीककर्ज नवं-जुनं करून आलो.

या महिन्यात सोयाबीन काढणीला आलं, मळणीयंत्रवाला मिळेना, वरून आभाळ भरलेलं. त्या गडबडीत गोळ्या संपल्या. गावच्या मेडिकलात ही गोळी ठेवत नाहीत. म्हटलं, आता बरंच आहे की, जाऊ दे, झाली बंद. गुरुवारी सकाळी शेवटची घेतली. शुक्रवारी काहीच नाही. शनिवारी संध्याकाळी बनीम झाकायला ताडपत्री ओढताना मान वळवली आणि डोक्यात झर्रकन काहीतरी गेलं. मोटारीच्या स्टार्टरचा बारीक शॉक बसतो ना, तसं. डोळे नुसते डावीकडून उजवीकडे फिरवले तरी पुन्हा झर्र. रविवारी उठलो तर पायाखालची जमीन हलतेय. मळमळ, थंडी वाजून घाम, नाक गळतंय, अंग मोडून आलेलं. रात्री स्वप्नं इतकी खरी पडायची की उठल्यावर बायकोला विचारलं, आपली म्हैस विकली का म्हणून.

आमच्याकडं डेंग्यूची साथ आहे, म्हणून रक्त तपासलं. प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. थर्मामीटरवर ताप नाहीच. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. मंगळवारी बायको म्हणाली, "ती बँकेची गोळी बंद केल्यापासून चालूय का हे?" तोवर माझ्या डोक्यात गोळी आलीच नव्हती. हे चुलत्यांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "आरं तुला त्या गोळ्याची सवय लागलीय बग. दारू सुटताना माणूस असाच थरथर करतंय."

बुधवारी पोराला लातूरला पाठवून गोळ्या आणल्या. संध्याकाळी एक घेतली, गुरुवारी दुपारपर्यंत निम्मं कमी, शुक्रवारी ट्रॅक्टरवर बसलो.

मी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं होतं, याची सवय लागते का? ते स्पष्ट नाही म्हणाले होते. मग खरं कोण बोलतंय, डॉक्टर का चुलते?

मांजराकाठ | १९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

म्हणजे गोळी बंद केली तर चक्कर, चालू ठेवली तर चुलते. चुलत्यांवर काही गोळी निघाली असली तर मलाही सांगा.

हेमाडपंती | १९ ऑक्टोबर, रात्री १०.३२

ही गोळीची भानगड नाही, कानाची आहे. आमच्या मेव्हण्याला मान वळवली की गरगरायचं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतले बारीक खडे जागचे सरकलेत. खाटेवर आडवं पाडून डोकं एका बाजूला फिरवलं, दोन बैठकांत माणूस ठणठणीत. उगाच मनाच्या गोळ्यांच्या मागं लागू नका. सकाळी अनुलोम-विलोम करा.

काका_परभणीकर | १९ ऑक्टोबर, रात्री ११.१०

मी या वाटेनं जाऊन आलोय म्हणून सांगतो. आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते कमी पडलं की उदासी येते. गोळी ते सेरोटोनिन बनवून देते. आता बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर मेंदू आळशी होतो, घरचं बनवणं बंद करतो. मग गोळी थांबली की घरचंही नाही आणि बाहेरचंही नाही. तुम्हाला झालं ते एवढंच.

उपाय सोपा आहे. एक दिवसाआड घ्यायची, मग दोन दिवसांआड, मग आठवड्याला एक. मी अशीच सोडली, साधी शिंकसुद्धा आली नाही.

गोदाकाठची (नांदेड) | २० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

सोयाबीनदादा, ते "झर्र" वाचून अंगावर काटा आला. मला हे कोणाला सांगताच यायचं नाही. मी नवऱ्याला म्हणायचे, डोक्यात कोणीतरी फोटो काढतंय, फ्लॅश मारतंय. तो म्हणायचा, मोबाइल कमी बघ.

माझी गोष्ट रात्री लिहिते, आता शाळा आहे.

निजामी_चहा | २० ऑक्टोबर, सकाळी ९.४०

मला चुलत्यांचं पटतंय. वस्तू बंद केली की त्रास होतो, परत घेतली की थांबतो. याला गावात सवयच म्हणतात. डॉक्टर लोक नावं बदलतात फक्त. दारूला "विथड्रॉवल" म्हणायचं आणि यांच्या गोळीला "डिसकन्टिन्युएशन सिंड्रोम". १९९०च्या दशकात हा शब्द रुळवण्यात औषध कंपन्यांनी पैसा घातला होता, हे उघड आहे. वांग्याला भरीत म्हटलं म्हणून झाड बदलत नाही.

रानजाई (छत्रपती संभाजीनगर) | २० ऑक्टोबर, दुपारी २.२०

ओपीडी संपली, म्हणून सावकाश लिहिते. मी मानसोपचाराचंच काम करते, एकोणीस वर्षं झाली.

निजामी, शब्दाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. तो शब्द गुळगुळीत आहे आणि त्यामुळे आमच्यातल्याच कित्येकांनी रुग्णांच्या तक्रारी वर्षानुवर्षं हलक्यात घेतल्या. पण शरीराला अंगवळणी पडणं आणि व्यसन यांत फरक आहे, आणि तो सोयाबीनरावांनी स्वतःच लिहून ठेवलाय. शनिवार ते मंगळवार माणूस तळमळला, रक्त तपासलं, सलाइन लावून घेतलं. तेवढ्या वेळात गोळीची आठवण कोणाला झाली? बायकोला! ज्याला व्यसन आहे त्याला पहिल्या तासाला कळतं आपल्याला काय हवंय. चुलते तंबाखू खात असतील तर पुडी संपल्यावर त्यांना कोणी आठवण करून द्यावी लागते का बघा. ही गोळी घेऊन कोणाला तार लागत नाही, चौदा महिन्यांत एकाचे दोन करावेसे वाटत नाहीत, कोणी लपवून खात नाही. म्हणून डॉक्टर "नाही" म्हणाले ते बरोबर. त्यांचं चुकलं ते पुढचं वाक्य न बोलण्यात, की शरीराला ही अंगवळणी पडते, एकदम सोडू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. क्लोनिडिन एकदम थांबवलं तर दाब आधीपेक्षा वर उसळी मारतो. क्लोनिडिनचा व्यसनी म्हणून मी अजून कोणाला पाहिलेलं नाही.

आता काका. तुमचं अर्धं बरोबर आहे. मेंदू जुळवून घेतो हे खरं, पण गोळी सेरोटोनिन बनवत नाही. दोन पेशींच्या मधे बारीक फट असते. अलीकडची पेशी तिथं सेरोटोनिन सोडते, पलीकडची ते ओळखते, आणि निरोप पोचला की अलीकडची पेशी उरलेलं परत ओढून घेते. परत ओढणारा जो पंप आहे, त्याच्या तोंडात गोळी बोळा कोंबते. त्यामुळे फटीत सेरोटोनिन जास्त वेळ रेंगाळतं. आठवडे गेले की पलीकडची पेशी म्हणते, फार गलका झाला, आणि आपले कान थोडे मिटून घेते. वरातीत डीजेशेजारी दोन तास उभे राहा. कान बधिर होतात आणि डीजे थांबल्यावर शेजारचा माणूस बोलतो तेही ऐकू येत नाही. माणूस नेहमीच्याच आवाजात बोलत असतो, कान तयार नसतात. गोळी एकदम बंद केली की पंप दोन-तीन दिवसांत पूर्ण जोरात चालू होतो, पण मिटलेले कान उघडायला कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात जे होतं ते तुमचे हे सहा दिवस. कान कुठले, किती आणि कसे मिटतात यावर आमच्यात अजून खल चालू आहे, पण ढोबळ चित्र हे असं.

मग गरगरणंच का? कारण सेरोटोनिन नुसतं मनाचं रसायन नाही. तोल सांभाळणारी केंद्रं मेंदूच्या बुंध्याशी आहेत, तिथं या तारा भरपूर जातात. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन तर आतड्यात असतं, म्हणून मळमळ. आणि पॅरॉक्सेटिनला एक जादा खोड आहे. ती ॲसिटिलकोलीन नावाच्या दुसऱ्या रसायनालाही दाबून धरते. सुरुवातीला तोंड कोरडं पडलं होतं ना? हात काढला की ते उसळतं. नाक, घाम, पोटातली ढवळ यांत त्याचाही वाटा असतो. म्हणून फ्लूसारखं वाटतं, पण थर्मामीटर गप्प बसतो. खरा ताप चढला असता तर मीही आधी डेंग्यूच बघितला असता, तेव्हा रक्त तपासलंत ते योग्यच केलंत.

हेमाडपंती, कानातले खडे सरकतात हे खरं, पण त्यात कूस बदलली किंवा मान वर केली की घर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. नुसते डोळे फिरवून शॉक बसत नाही. तो झटका नेमका कशानं बसतो हे अजून कोणाला ठामपणे सांगता आलेलं नाही. पण मला एखादा रुग्ण "डोळे फिरवले की झर्र" म्हणाला की मी पुढचा प्रश्न विचारते, गोळी कधी सोडली?

मांजराकाठ | २० ऑक्टोबर, दुपारी २.४१

डीजेचं उदाहरण फिट बसलं. आमच्या गल्लीत गणपतीपासून सगळेच डिसकन्टिन्युएशनमध्ये आहेत.

काका_परभणीकर | २० ऑक्टोबर, दुपारी ४.००

ताई, तुमचं ज्ञान मान्य. पण मी एक दिवसाआड घेऊन सोडली हे तर खोटं नाही ना? अनुभव मोठा का पुस्तक?

रानजाई | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१५

काका, कुठली गोळी होती ते सांगा, मग बोलू.

काका_परभणीकर | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५०

थांबा, जुनी फाइल काढतो... फ्लुऑक्सेटिन २०. कॅप्सूल होती.

रानजाई | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.०५

तरीच! फ्लुऑक्सेटिन शरीरातून जायला आठवडे घेते. ती यकृतात मोडते आणि त्यातून जे तयार होतं तेही तेच काम करतं, आणि ते तर आणखी मुक्काम ठोकून बसतं. तुम्ही एक दिवसाआड घ्या नाहीतर विसरून जा, रक्तातली पातळी आपली सावकाश उतरते. ती गोळी स्वतःच स्वतःचा उतार करून देते. कधीकधी दुसरी गोळी सुटत नसली तर आम्ही मुद्दाम फ्लुऑक्सेटिनवर आणून मग सोडवतो.

सोयाबीनरावांची पॅरॉक्सेटिन दिवसाभरात निम्मी होते. दिवसाआड घेतली तर एक दिवस वर, एक दिवस खाली, म्हणजे दर दोन दिवसांनी छोटा झटका. शिवाय ही गोळी स्वतःला मोडणाऱ्या एन्झाइमलाच दाबून ठेवते. डोस उतरला की ते एन्झाइम जागं होतं आणि उरलेली गोळी आणखी भराभर मोडतं. अचानक सोडल्यावर जास्त छळणाऱ्यांत पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही दोन नावं नेहमी येतात, दोन्ही रक्तातून भराभर उतरतात यामुळे. शुक्रवारी काही नाही आणि शनिवारी संध्याकाळी पहिला झटका, हा हिशेब त्याच्याशी जुळतो.

काका_परभणीकर | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

बरं बाई, माझं नशीब चांगलं, एवढं मान्य.

गोदाकाठची | २० ऑक्टोबर, रात्री ९.३०

आले. माझी गोष्ट.

धाकटीच्या बाळंतपणानंतर वर्षभरानं मला एस्सिटालोप्रॅम लागली. पहिले सहा महिने १०, मग २०. अडीच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता कमी करू. २० ची १० केली, दोन महिने राहिले, काही म्हणजे काही झालं नाही. १० ची ५ केली, आठवडाभर थोडी चिडचिड, मग ठीक. मला वाटलं, जिंकलो. ५ वरून शून्य, आणि चौथ्या दिवशी फळ्यावर लिहिताना मागं वळले ती सरळ टेबलाला धरून उभी राहिले. पोरं हसायला लागली, बाईंना भोवळ आली म्हणून. ते फ्लॅश, मळमळ, आणि रडू. कारण नसताना रडू.

सासूबाई म्हणाल्या, आजार परत आला, आता जन्मभर घे. मलाही तेच वाटलं. पाचच मिलिग्रॅम तर होती! २० ची १० करताना दुप्पट उडी मारली तेव्हा काही नाही, आणि एवढ्याशा तुकड्यानं आडवी केली, म्हणजे नक्की आजारच, असा माझा हिशेब. ताई, हे असं उलटं का होतं ते मला आजवर कोणी सांगितलं नाही.

रानजाई | २० ऑक्टोबर, रात्री १०.४५

कारण मिलिग्रॅम आणि बोळा सरळ हिशेबानं चालत नाहीत. मेंदूचे स्कॅन काढून किती पंप अडले ते मोजता येतं. तुमच्या गोळीची थोरली बहीण सिटालोप्रॅम घ्या. ४० मिलिग्रॅमला साधारण ८६ टक्के पंप अडतात. निम्मी करून २० केली तर ८०. म्हणजे अर्धी गोळी काढली आणि सहाच टक्के फरक! पण पुढं साधारण ५ वर आलात तरी अजून ६० टक्क्यांच्या आसपास अडलेलेच असतात. आता ५ वरून शून्य म्हणजे ते साठच्या साठ एका उडीत. वरून उतरताना घाट सपाट लागतो आणि शेवटी कडा येतो. तुमची एस्सिटालोप्रॅम साधारण निम्म्या मिलिग्रॅममध्ये तेच काम करते, म्हणून तुमचा कडा आणखीच उंच होता.

२०१९ मध्ये होरोविट्झ आणि टेलर यांनी 'लॅन्सेट सायकियाट्री'त हेच मांडलं, की शेवटचे डोस फार बारीक पायऱ्यांनी उतरवा. होरोविट्झ स्वतः मानसोपचाराचं प्रशिक्षण घेत होता आणि स्वतःची गोळी सोडताना आपटला होता. इतक्या बारीक पायऱ्या प्रत्येकाला लागतात का, यावर मात्र एकमत नाही. माझे बरेच रुग्ण महिन्याभरात सहज सुटतात.

आणि सासूबाईंना सांगा, आजार परतला की गोळीचा उतार, हे ओळखायला तीन गोष्टी बघायच्या. एक, कधी सुरू झालं. उतार असेल तर काही दिवसांत, आजार बहुधा काही आठवडे-महिन्यांनी हळूहळू येतो. दुसरं, काय होतंय. झटके, भोवळ ही तुमच्या मूळ आजारात होती का? नव्हती. तिसरं, गोळी परत घेतल्यावर किती वेळात थांबलं. सोयाबीनरावांचं दिवसाभरात निम्मं थांबलं. पॅनिकवर चढायला याच गोळीनं दीड-दोन महिने घेतले होते, एका रात्रीत ती आजार कसा बरा करेल? पण हे नेहमी इतकं स्वच्छ नसतं. रडू, झोप उडणं दोन्हीकडं असतं. आणि मरणाचे विचार यायला लागले तर ओळखत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्र असेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

गोदाकाठची | २० ऑक्टोबर, रात्री ११.०२

घाट आणि कडा. तीन वर्षांपूर्वी हे कळलं असतं तर. मी भिऊन परत १० वर गेले आणि तिथंच आहे.

मेडिकलवाला_बीड | २१ ऑक्टोबर, सकाळी ११.२५

काउंटरच्या या बाजूचं सांगतो. माझ्याकडं "ती टेन्शनची गोळी द्या" म्हणून रिकामी पट्टी घेऊन येणारे निम्म्याहून जास्त. चिठ्ठी कधीची? हरवली. त्यात खरी पंचाईत वेगळीच आहे. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत, हे जोडगोळीचं पाकीट आपल्याकडं धो धो चालतं. माणसाला वाटतं आपण एक औषध घेतोय, असतात दोन. क्लोनाझेपामची मात्र सवय लागते, खरोखरची. पट्टीच्या मागं बारीक अक्षरात नावं असतात, ती वाचा. गोदाकाठच्या ताई, तुमचीही बघून घ्या.

सोयाबीनदादा, तुमची ती हळू विरघळणारी गोळी तोडू नका बरं का. तोडली की तिचं हळू विरघळणं संपलं.

गोदाकाठची | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४८

बघितली. आहे. एस्सिटालोप्रॅम १०, क्लोनाझेपाम ०.५. म्हणजे माझी आधीची साधी होती आणि परत सुरू करताना ही दिली? मला कोणी सांगितलंच नाही. आज रात्रीपासून बंद करू का?

रानजाई | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५५

नाही! बाई, आजची घ्या. क्लोनाझेपाम रोज घेऊन एकदम सोडली तर फिट येऊ शकते, नुसतं गरगरण्यावर भागत नाही. दोन्ही औषधं आधी वेगवेगळ्या गोळ्यांत करून घ्यायची, मग डॉक्टर एकेक करून उतरवतील. दोन्ही एकत्र उतरवली तर त्रास कशामुळे होतोय तेच कळत नाही. पट्टीचा फोटो घेऊन या आठवड्यात जाऊन या.

निजामी, तुम्हाला सवय या शब्दाचं खरं उदाहरण हवं होतं, ते हे.

निजामी_चहा | २१ ऑक्टोबर, रात्री ८.१०

घेतलं. पण एक मुद्दा सोडत नाही. किती जणांना हे होतं? मी वाचलं होतं निम्म्याहून जास्त लोकांना. मग गोळी सुरू करतानाच कागदावर का लिहून देत नाहीत?

रानजाई | २१ ऑक्टोबर, रात्री ९.३०

निम्म्याहून जास्त हा आकडा २०१९ च्या एका आढाव्यातला आहे. त्यातला बराच भाग ऑनलाइन पाहणीतला, आणि तिथं ज्याला त्रास झाला तोच लिहायला येतो. या धाग्यावर आलेत तसे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त मोठा आढावा आला. गोळी सोडणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकाला काहीतरी लक्षणं, पण आत औषधच नसलेली नकली गोळी सोडणाऱ्यांतही सहांत एकाला! वजाबाकी केली तर सहा-सात जणांत एकाला खरोखर गोळीमुळे, आणि जोराचा त्रास साधारण पस्तिसांत एकाला. पण त्यातले बरेच अभ्यास थोडे महिने गोळी घेतलेल्यांचे होते. पाच-दहा वर्षं घेणाऱ्यांना हाच आकडा लागू पडतो का, यावर वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

कागदावर लिहून देण्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. इंग्लंडमध्ये मानसोपचार डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं २०१९ मध्ये उघड मान्य केलं, की काहींना हा त्रास जोराचा आणि लांबलेला होतो. तोवर "सौम्य, आठवडाभरात जातो" असंच म्हटलं जायचं. मीही म्हणत होते.

हेमाडपंती | २१ ऑक्टोबर, रात्री ९.५२

तरी कान एकदा दाखवून घ्यायला काय हरकत आहे.

मांजराकाठ | २१ ऑक्टोबर, रात्री ९.५५

हेमाडपंती, तुमच्या मेव्हण्याला या धाग्यावर घ्या.

सोयाबीन_आणि_मी | १४ फेब्रुवारी, रात्री ८.४०

धागा वर काढतोय, माफी असावी. हरभरा काढणीला आलाय, त्याआधी हिशेब देतो.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी चिडले, मग म्हणाले सांगायला हवं होतं मी. रब्बीची पेरणी होईपर्यंत २५ चालूच ठेवली. डिसेंबरात १२.५ केली, सहा आठवडे. दोन रात्री झोप कमी, बाकी बरं. मग हळू विरघळणारीच्या जागी साधी १० ची गोळी दिली, कारण तिला मधे चीर असते, तोडता येते. तिथंही ठीक. पंधरा दिवसांपूर्वी ५ वर आलो आणि तिसऱ्या दिवशी आमचा जुना पाहुणा झर्र हजर. हलका, पण तोच. या वेळेला रक्त तपासायला गेलो नाही, घाबरलो पण नाही. फोन केला, ते म्हणाले ७.५ वर परत जा, महिनाभर थांब, मग पुन्हा बघू. दुसऱ्या दिवशी थांबलं.

चुलत्यांना तंबाखूचं विचारलं. म्हणाले, "ती सवय न्हाई, ती आवड हाय."

आता अडचण ही, की ७.५ म्हणजे १० च्या गोळीचा पाऊण तुकडा. मी दाढीच्या ब्लेडनं अर्धी आणि अर्ध्याची अर्धी करतो, पण पाव तुकड्याचा कधीकधी भुगा होतो.

मेडिकलवाला_बीड | १४ फेब्रुवारी, रात्री ९.०५

ब्लेड सोडा, बोट जाईल. गोळी तोडायची प्लॅस्टिकची डबी मिळते, तुमच्या मेडिकलवाल्याला मागवायला सांगा. महिनाभराचे तुकडे एकदम करून ठेवू नका, दोन-तीन दिवसांचेच करा, ओल लागते. भुगा झाला तर फेकू नका, त्याच दिवशी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी नीट पाव घ्या. एक दिवस थोडं कमी-जास्त झालं तर चालतं, अख्खा दिवस चुकवायचा नाही. आणि चार गोळ्या उरल्या की पोराला लातूरला पाठवा, संपल्यावर नको.

गोदाकाठची | १४ फेब्रुवारी, रात्री १०.२०

माझ्याकडं गोळ्या वेगळ्या झाल्या. क्लोनाझेपाम ०.५ वरून ०.२५ वर आलीय, एस्सिटालोप्रॅमला अजून हात लावलेला नाही. ताई म्हणाल्या तसं, एका वेळी एक. परीक्षा झाल्या की पुढची पायरी. फळ्याकडं पाठ करून सरळ उभी राहते सध्या.